कौलावरचे पाणी



दिवाळीच्या पहाटे देवगडच्या घरांत अभ्यंगस्नानाला घंगाळभर पाणी असते. विहिरी भरलेल्या असतात, व्हाळ अजून वाहत असतात. त्यामुळे या दिवसांत पाणीटंचाईची आठवण कोणाला होत नाही. ती होते एप्रिलात, आणि तेव्हा करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. म्हणून यंदाच्या अंकाच्या सुरुवातीला मी एका भाषणाविषयी लिहिणार आहे. ते मी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, देवगड तालुक्यातल्या सड्यावरच्या एका गावात ऐकले. बोलणारी ग्रामपंचायतीची सदस्य होती, आणि घरोघरी पावसाच्या पाण्याची टाकी बांधा, एवढेच तिचे म्हणणे होते. गावाचे आणि तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सड्यावरची कुठलीही वाडी घेतली तरी हिशोब तोच राहील.

हेच म्हणणे तिने आधी महिला सभेत मांडले होते. आपल्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो त्यांचे मत तिथेच झाले होते. आता ज्यांच्या हातात घरचा पैसा असतो त्यांच्याशी बोलायचे होते.

पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला: "बंधारे घालूया, पाणी जिरवूया. टाकी कित्याक?" प्रश्न रास्त होता. हिवरे बाजारला पोपटराव पवार दरवर्षी ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तो जमिनीत मुरवूनच त्या गावाने आपली विहीर राखली. आपला जांभा मात्र वेगळा आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी आपसूक जिरते, खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत उतरते आणि उताराला झऱ्यांतून बाहेर पडून खाडीला मिळते. पायथ्याच्या वाडीला त्याचा उपयोग होतो. माथ्यावरच्या विहिरीचा तळ मात्र शिमग्यापर्यंत दिसू लागतो. म्हणून सड्यावर नुसते जिरवून भागत नाही, साठवावे लागते. "पाऊस आमच्या कौलार पडता," ती म्हणाली, "आणि एप्रिलात आम्ही टँकराची वाट बघतंव."

मग तिने शाळेचा फळा पुढे ओढला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. साठ चौरस मीटरचे कौलारू घर आणि पाऊस हात राखून अडीच हजार मिलिमीटर धरला, तर दीड लाख लिटर होतात. उडून आणि सांडून जाणारा पाचवा हिस्सा वजा केला तरी एक लाख वीस हजार लिटर उरतात. सभा गप्प झाली. पण एवढे पाणी साठवायला जी टाकी लागेल ती कोणालाच परवडणार नाही, हेही तिने लगेच सांगितले.

म्हणून तिने उलट बाजूने हिशोब केला. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घराला दिवसाला पन्नास. 1 मार्च ते 10 जून हे 102 दिवस, त्यांचे 5,100 लिटर. मे महिन्यात मुंबईहून चार चाकरमानी महिनाभर आले तर आणखी 1,200. एकूण 6,300 लिटर. पाऊस लांबला तर हाताशी असावे म्हणून टाकी दहा हजारांची. आंघोळ, कपडे, गुरे यांचे पाणी यात धरलेले नाही. सगळा वापर माणशी 55 लिटर धरला तर त्याच 102 दिवसांना अठ्ठावीस हजार लिटर लागतील. ही टाकी विहिरीची जागा घेणार नाही, ती फक्त पिण्याच्या पाण्याची हमी देईल, हे तिने दोनदा सांगितले. मला ते भाषणातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. जास्त कबूल करून बांधलेली टाकी मार्चमध्येच रिकामी होते, आणि मग गाव टाकीलाच नावे ठेवते.

दहा हजार लिटर भरायला अख्खे छप्परही लागत नाही. घराच्या एकाच बाजूला पन्हळ लावली तरी सव्वाचारशे मिलिमीटर पावसात टाकी भरते. एकट्या जुलैत बहुधा त्याहून जास्त पडतो.

एका आजोबांनी शंका काढली, "उभ्या पाण्यात किडे पडतले." तिचे उत्तर असे होते: उजेड आणि डास आत गेले नाहीत तर पाणी महिनोन्महिने टिकते. झाकण घट्ट हवे, सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी. तरीही प्यायचे पाणी उकळूनच घ्यावे. देवगडात आणखी एक पथ्य आहे, आणि ते बाहेरच्या कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही. आपली घरे हापूसच्या बागांत आहेत. मोहोराच्या दिवसांपासून होणाऱ्या फवारणीचा अंश कौलांवर बसतो. म्हणून अवकाळी सरी आणि जूनचे पहिले पाऊस टाकीत घ्यायचेच नाहीत. पन्हळीचा पाइप बाजूला वळवून ठेवायचा. कौले नीट धुऊन निघाली की जुलैत तो गाळणीच्या पिंपावर आणायचा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे छप्पर असेल तर त्याचे पाणी पिण्यासाठी धरूच नये.

टाकी फेरोसिमेंटची, अडीच मीटर व्यासाची आणि दोन मीटरहून थोडी उंच. या मापात एक सोय आहे. पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण पन्नास लिटर, म्हणजे घराचा एका दिवसाचा वापर झाला. खुणा केलेली काठी बुडवून पाहिली की हिशोब समजतो. दिवसाला दोन सेंटिमीटर उतरत असेल तर कोणीतरी जास्त उपसते आहे किंवा टाकी गळते आहे. रात्री खूण करून सकाळी पाहिले की यातले खरे काय ते कळते. गळती बहुतेक वेळा एकाच चुकीने होते, ती म्हणजे गिलाव्याला पाणी कमी मारणे. जाळीवरचा थर जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा असतो. तो निदान दोन आठवडे ओल्या गोणपाटाखाली राहिला नाही तर केसासारख्या भेगा पडतात.

पैशांबाबत तिने घरोघरी अनुदान देण्याचे खोटे आश्वासन दिले नाही. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पिण्याचे पाणी आणि पर्जन्यजल संकलन यांसाठी हिस्सा राखलेला असतो. त्यातून पहिली टाकी शाळेच्या छपराखाली बांधावी, गावाच्या गवंड्यांनी त्यावर हात बसवावा आणि मग घरच्या टाक्या घ्याव्यात, असा ठराव तिने मांडला. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरपासूनच सुरू होते. त्यात न आलेले काम वर्षभर मागे पडते. शेवटी तिने गांधीजयंतीची आठवण दिली: पोरबंदरला गांधीजींच्या वडिलोपार्जित घराच्या पोटात पावसाच्या पाण्याचे टाके आहे. ठराव मंजूर झाला.

वाचकहो, टाकी मे महिन्यात बांधता येत नाही, कारण गिलाव्याला मारायलाही पाणी लागते. ते आज विहिरीत आहे. तुमचे घर सड्यावर असेल तर तुळशीचे लग्न आटोपले की छपराची एक बाजू मोजा आणि गवंड्याला बोलवा. पौषापर्यंत टाकी उभी राहिली तर येत्या जुलैचे पाणी तुमचे असेल.