साधी गोळी, साधी बेरीज

आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मी थोडा वेळ बोललो, ते एका गृहस्थांना फार झोंबलं. त्यांचं म्हणणं असं: पॅरासिटामॉल लहान मुलांनाही देतात, चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणजे निर्धोक. केमिस्टने गोळ्या द्याव्यात, प्रवचन देऊ नये. लोकांना घाबरवून डॉक्टरांच्या दारात लोटतो, हा आरोप वर. त्याबद्दल डॉक्टर मला काय देतात, ते सांगितलं असतं तर मी वसूल तरी केलं असतं.

पॅरासिटामॉल निर्धोक आहेच, मोजून घेतली तर. धडधाकट प्रौढाने 24 तासांत 4000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन कमी, यकृत दुखावलेलं किंवा दारू रोजची असेल, तर मर्यादा आणखी खाली येते.

‘एवढ्या गोळ्या खातं कोण?’ सर्दीतापाने बेजार झालेला कुठलाही शहाणा माणूस. तापासाठी 650ची गोळी दिवसातून चारदा, झाले 2600. नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी तीनदा. तिचं नाव वेगळं, रंग वेगळा, पण मागे बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल 500. आणखी 1500 आले, म्हणजे 4100. कंबर धरली म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली गोळी दोनदा. तिच्यात आयबुप्रोफेनच्या जोडीला पॅरासिटामॉल 325. एकूण 4750. दुखणी तीन, पाकिटं तीन, औषध मात्र एकच.

एका दिवसात आभाळ कोसळत नाही. पण हेच चार दिवस चाललं, त्यात तापाने जेवण सुटलेलं, की गणित फिरतं. पॅरासिटामॉलचा निचरा करताना यकृतात थोडं विषारी द्रव्य तयार होतं आणि ग्लुटाथायोन ते निष्प्रभ करतं. उपाशी माणसाकडे त्याचा साठा आधीच कमी असतो. तो संपला की यकृताच्या पेशी मरू लागतात. एकदम भरमसाट गोळ्या पोटात गेल्या, तरी पहिल्या दिवशी फार तर मळमळ होते. यकृताचं दुखणं दोन-तीन दिवसांनी उघड होतं, आणि उतारा म्हणून देतात ते ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सर्वांत गुणकारी. तेव्हा ‘मला कुठे काय झालं?’ हा पुरावा सायंकाळी सातला देण्यात अर्थ नाही. हेल्मेटच्या वादातही हाच पुरावा पुढे येतो, असो.

‘आयबुप्रोफेनसोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की झालं’: ती पोट सांभाळते, मूत्रपिंड नाही. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मग करायचं काय? नाव नव्हे, मागची घटकांची ओळ वाचा. पॅरासिटामॉल एका वेळी एकाच पाकिटातून घ्या. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दुकानात आधी ते सांगा. आणि कापलेल्या पट्टीवर अर्धंच नाव उरलं असेल, तर पाकिटावर घटक लिहून मागा. चार गोळ्या मागितल्या की कात्री आम्हीच चालवतो, तेव्हा लिहून देणं आमचंच काम.