बाटलीतले बळ आणि ताटातले बळ

आमच्या तालुक्यातील एका खेड्यात गेल्या हिवाळ्यात आरोग्य मेळावा भरला होता. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. एका कडेला रक्त तपासण्याची सोय होती, दुसऱ्या कडेला दात व डोळे पाहिले जात होते. मध्यभागी एका तरुण डॉक्टरबाईंचे भाषण व्हायचे होते. त्यांच्यासमोर मेजावर चार वस्तू मांडलेल्या होत्या : टॉनिकची एक बाटली, दुधात घालावयाच्या शक्तिवर्धक भुकटीचा डबा, मूठभर तुरीची डाळ आणि लाल माठाची एक जुडी. भाषणे मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, आणि कंटाळाही पुष्कळ सोसला आहे. परंतु हे भाषण तुमच्यापर्यंत पोचावे असे मला वाटले, कारण त्यात उपदेश थोडा आणि हिशेब पुष्कळ होता.

बाईंनी प्रथम डबा उचलला. त्यावरचे मोठ्या अक्षरांतले शब्द त्यांनी वाचले नाहीत. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेला तक्ता सातवीतल्या एका मुलाकडून मोठ्याने वाचून घेतला. शंभर ग्रॅम भुकटीत प्रथिने सात ग्रॅम, असे तेथे लिहिले होते. साखरेचा आकडा त्याच्या कितीतरी पट होता. "आता एका वेळी किती घ्यायची ते वाच," बाई म्हणाल्या. दोन चमचे, म्हणजे वीस ग्रॅम. मुलाने फळ्यावर गुणाकार केला. वीस ग्रॅम भुकटीतून मिळाली जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने!

मग त्यांनी डाळ तळहातावर घेतली. मुठीत साधारण तीस ग्रॅम डाळ मावते. तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात; म्हणजे एका मुठीत साडेसहा ग्रॅम. एवढी प्रथिने भुकटीतून मिळवायची तर मुलाला ती नव्वद ग्रॅमांहून अधिक, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा खावी लागेल, आणि तिच्याबरोबर तेवढी साखरही. मागे बसलेला एक गृहस्थ म्हणाला, "पण बाई, ती घेतल्यावर पोरे धष्टपुष्ट होतात." बाई हसून म्हणाल्या, "काका, ती आपण दुधात घालून देता. एका पेलाभर दुधात सहा ग्रॅमांच्या वर प्रथिने असतात. बळ दुधाचे, आणि नाव मात्र डब्याचे."

येथे कोणी म्हणेल की डाळीत एवढी प्रथिने आहेत, तर नुसती डाळच का खाऊ नये? याचे उत्तर बाईंनी सुरेख दिले. प्रथिन हे एक नव्हे. ते अनेक लहान घटकांची ओवलेली माळ आहे. पांढरी आणि अबोली रंगाची फुले आलटून पालटून ओवायची असतील आणि अबोलीची फुले संपली, तर पांढरी कितीही उरली तरी माळ तेथेच थांबते. ज्वारी, बाजरी आणि तांदूळ यांत लायसीन नावाचा घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो. उलट, मेथिओनीन हा घटक डाळींत कमी, पण धान्यात पुरेसा असतो. म्हणून भाकरी-आमटी, वरण-भात, उसळ-पोळी या जोड्या आपल्या आजी-पणज्यांनी लावल्या, त्यांना या घटकांची नावे ठाऊक नव्हती, तरी जोड्या अचूक बसल्या आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी सुमारे बत्तीस ग्रॅम प्रथिने लागतात. दोन-तीन भाकरी, दोन वेळची घट्ट आमटी किंवा उसळ आणि थोडे दूध अथवा ताक एवढ्यात हा आकडा गाठता येतो. 'घट्ट' हा शब्द मात्र बाईंनी दोनदा उच्चारला. पाण्यात डाळ शोधावी लागते अशा आमटीचा हिशेब त्यांनी केलाच नाही.

नंतर पाळी आली माठाच्या जुडीची. पालेभाजीची गोष्ट सांगताना बाई एकदम मुंबईच्या गिरणगावात शिरल्या, आणि मला तो भाग सर्वांत अधिक आवडला. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर भारतात आल्या. मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या पुष्कळ गरोदर स्त्रियांना एक विचित्र पंडुरोग होत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. विल्सबाईंनी या स्त्रिया काय खातात ते पाहिले. त्यांचे जेवण तोकडे होते. मग त्यांनी माकडांना तसाच तोकडा आहार देऊन पाहिला, तेव्हा माकडांनाही तसलाच विकार जडला; आणि यीस्ट म्हणजे किण्वापासून काढलेला अर्क दिल्यावर तो बरा झाला. रुग्ण स्त्रियाही त्या अर्काने बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. अर्कातला तो गुणकारी पदार्थ कोणता, हे मात्र कळले नव्हते. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून तो पदार्थ अत्यल्प प्रमाणात वेगळा केला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. आपण ज्याला औषधाच्या दुकानात शोधतो, त्याच्या नावातच पान आहे! आणि हे द्रव्य पालेभाज्यांप्रमाणेच हरभरा, मूग, मटकी या कडधान्यांतही भरपूर आहे.

परंतु पालेभाजी घरात आली म्हणजे ती पोटात गेली असे नव्हे. मांडवातील एका आजीबाईंनी विचारले, "बाई, आम्ही तर रोज भाजी खातो, मग माझ्या नातीच्या अंगात रक्त का नाही?" डॉक्टरबाईंनी उत्तर देण्याआधी आजींनाच विचारले, "आजी, भाजी आधी धुता की आधी चिरता?" आजी आधी चिरत, मग धूत, मग शिजवून वरचे पाणी ओतून देत, आणि रंग हिरवा राहावा म्हणून चिमूटभर सोडाही घालीत. फोलिक आम्ल आणि क जीवनसत्त्व ही दोन्ही पाण्यात विरघळणारी आहेत. म्हणून चिरलेली भाजी धुताना आणि पाणी ओतताना ती मोरीत जातात, आणि क जीवनसत्त्वाचे उरलेसुरले सोडा नष्ट करतो. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी आणि ते पाणी आमटीत घालावे, एवढाच उपाय. दुसरा प्रश्न अधिक मार्मिक होता : "जेवणावर चहा घेता का?" आजींची नात शाळेतून आली की भाकरी-भाजी खाऊन लगेच चहा पीत असे. वनस्पतींतील लोह मुळातच शरीरात थोडे शोषले जाते. चहातील टॅनिन त्याला आणखी अडवते. उलट, लिंबू पिळले, पेरू खाल्ला किंवा आवळ्याची फोड तोंडात टाकली, तर त्यातील क जीवनसत्त्व त्याच लोहाला वाट करून देते. पालकाचा बोलबाला मोठा आहे, पण त्याचे लोह नीट लागू पडत नाही. लाल माठ, शेवग्याचा पाला यांच्याकडे पाहावे, असे बाईंचे मत. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण तिला मोड आले की ते तयार होते, हेही त्यांनी सांगितले. मोड म्हणजे कापडात बांधलेली फुकटची बाग, ही उपमा माझी. बाईंच्या तोंडी ती घालीत नाही.

इतक्यात त्या नातीच्या रक्ताचा अहवाल आला. तिच्या वयाला, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला, हिमोग्लोबिन निदान बारा असावे. तिचे नऊ होते. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग गुलाबी नव्हे, फिका दिसत होता. जिना चढताना तिला धाप लागे. येथे डॉक्टरबाईंनी जे केले त्यामुळे त्यांच्याविषयी माझा आदर वाढला. 'माठ खा आणि बरी हो' असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जंताचे औषधही दिले, कारण पोटात हुकवर्म नावाचे जंत रक्त पीत असतील तर वरून कितीही भरले तरी घागर रिकामीच राहते. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या एका निळ्या गोळीत साठ मिलिग्रॅम लोह असते. तेवढे माठातून घ्यायचे तर किलो-दीड किलो भाजी खावी लागेल. हाच फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोळी हे औषध आहे. ते मोजून, मुदतीपुरते आणि तपासून देतात. गोळी घेतल्यावर शौचास काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र गोळ्यांची डबी धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नये, कारण लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते. आणि टॉनिक? ज्याला कोणता रोग आहे हे कोणी तपासलेले नाही, त्याला अंदाजाने दिलेले गोड पाणी, असे बाई म्हणाल्या.

हे शेवटचे वाक्य मला थोडे कठोर वाटले. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेले लोहाचे पातळ औषधही बाटलीतच असते. तेव्हा बाटली पाहून नाक मुरडणे बरे नव्हे. शिवाय लोक बाटली का घेतात याचा विचार त्यांच्या भाषणात आला नाही. दिवसभर शेतात राबून आलेल्या आईला माठ निवडायला अर्धा तास कोठून मिळणार? बाटलीचे झाकण मात्र क्षणात उघडते. लेकरासाठी आपण काही विकत आणले, ही मायाही त्या बाटलीत असते. डाळीचा भाव चढला की आमटी पातळ होते, हेही खरे. परंतु जो घरधनी महिन्याला दोन बाटल्यांना पैसे काढतो, त्याला डाळ महाग आहे असे म्हणता येणार नाही, एवढे मी हेडमास्तरकी विसरून, शेजारी म्हणून म्हणेन.

तुमच्यापैकी ज्यांना शाळेत पोषण आहार मिळतो त्यांच्या ताटापुरते पाहा. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज तीस ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि पंचाहत्तर ग्रॅम भाजी असा सरकारी नियम आहे. म्हणजे डॉक्टरबाईंच्या हातातली ती मूठ तुमच्या वाटणीला आधीच आलेली आहे. पुष्कळ मुले भात खातात आणि उसळ ताटाच्या कडेला सारतात. मी कितीतरी वर्षे रोज ती ताटे पाहिली आहेत. त्या मेळाव्यात भाषण संपल्यावर ती बारा वर्षांची मुलगी मेजाजवळ आली आणि माठाची जुडी मागू लागली. बाईंनी ती तिला दिली, आणि सोबत एक लिंबूही दिले.