दिवस सर्वांचा बंद, मजुरी मात्र एकाचीच बुडाली

तेलंगणात टाळेबंदी देशाच्या दोन दिवस आधी आली. 22 मार्च 2020 रोजी राज्य सरकारने ती जाहीर केली, शेजारच्या राज्यांच्या सीमा बंद झाल्या आणि महाराष्ट्राला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेवरची ये-जा थांबली. जिल्ह्याच्या उत्तर भागात, बेला आणि जैनदच्या परिसरात, मराठी घराघरांत बोलली जाते. नातीगोती नदीच्या दोन्ही तीरांना आहेत आणि कापसाच्या हंगामात मजूरही दोन्हीकडे जातात-येतात. या जिल्ह्यात टाळेबंदीचा आदेश सर्वांना सारखाच लागू होता. तिचा भार मात्र सारखा पडला नाही, आणि त्याचे कारण साथीत शोधण्यापेक्षा सरकारी नोंदवह्यांत शोधणे अधिक उपयोगाचे ठरते. कोणाचे नाव कोणत्या वहीत होते, यावरून कोणाचे किती बुडाले हे ठरले.

पहिली वही पगाराची. मार्चच्या अखेरीस तेलंगण सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखून धरण्याचा निर्णय घेतला. सनदी अधिकाऱ्यांचा 60 टक्के, बहुतेक कर्मचाऱ्यांचा 50 टक्के, तर चतुर्थ श्रेणी व कंत्राटी कर्मचाऱ्यांचा 10 टक्के पगार थांबला. हा फटका लहान नव्हता. ज्यांच्या घराचे हप्ते सुरू होते, त्यांना तो चांगलाच जाणवला. तरीही ही रक्कम पुढे ढकललेली होती, बुडालेली नव्हती. कर्मचारी घरी बसला तरी त्याचा महिना मोजला गेला आणि थांबलेली रक्कम त्याला नंतर हप्त्यांनी मिळाली. रोजंदारी मजुराचा दिवस अशा रीतीने पुढे ढकलता येत नाही. 23 मार्चला काम मिळाले नाही, तर त्या दिवसाची मजुरी कोणत्याही पुढच्या महिन्यात परत येत नाही.

दुसरी वही जमिनीची. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. टाळेबंदी आली तेव्हा कापसाची वेचणी बहुतांशी उरकली होती आणि रब्बीची पिके काढणीला होती. सरकारने शेतमालाच्या खरेदीची केंद्रे गावपातळीवर उघडण्याचे ठरवले, शेतीच्या कामांना सवलत दिली. त्याशिवाय 'रयतु बंधू' योजनेतून जमिनीच्या पट्ट्यावर नाव असलेल्याला एकरी 5,000 रुपये दर हंगामाला मिळत होते. पाच एकर जमीन असेल तर एका हंगामाचे 25,000 रुपये. शेतकऱ्याच्या अडचणी खऱ्या होत्या, पण शासनाला त्याचे दार सापडत होते. त्याच शेतात कुळाने राबणाऱ्याला आणि रोजाने वेचणी करणाऱ्या स्त्रीला मात्र या योजनेतून काहीही मिळत नव्हते, कारण ती योजना श्रमाची नोंद ठेवत नव्हती, मालकीची ठेवत होती.

तिसरी वही शिधापत्रिकेची, आणि मजुराला हाताशी असलेली मुख्य वही हीच. सरकारने प्रत्येक पांढऱ्या शिधापत्रिकेवर माणशी 12 किलो तांदूळ आणि कुटुंबाला 1,500 रुपये जाहीर केले. नेहमीच्या 6 किलोंच्या दुप्पट तांदूळ ही मदत देशातील अनेक राज्यांच्या तुलनेत ठोस होती. तरीही हिशेब मांडून पाहावा. चार माणसांच्या भूमिहीन कुटुंबात दोघे मजुरी करतात, असे धरू. 2020-21 साठी तेलंगणात रोजगार हमीचा दर दिवसाला 237 रुपये होता. महिन्यात दोघांना प्रत्येकी 20 दिवस या दराने काम मिळाले असते, तर घरात 9,480 रुपये आले असते. सरकारी 1,500 रुपये त्याच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी भरतात. घरात 48 किलो तांदूळ आला, त्यामुळे चूल विझली नाही. पण तेल, डाळ, मीठ, औषध आणि दुकानदाराची उधारी तांदळाने भागत नाही. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात तर तांदूळ हे पूर्ण जेवणही नव्हे.

रोजगार हमीची कामे तरी या काळात आधार देतील, अशी अपेक्षा होती. केंद्राच्या सूचनांनुसार ही कामे 20 एप्रिलनंतर अंतर राखून सुरू करण्याची मुभा मिळाली. म्हणजे टाळेबंदीचे पहिले चार आठवडे, जेव्हा घरातील शिल्लक संपत होती, तेव्हा हा आधार जवळपास बंदच होता. काम सुरू झाल्यावरही 237 रुपये हा दर हमखास पदरात पडेलच असे नव्हते. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरते. एप्रिल-मेच्या उन्हात, कडक जमिनीत, माप कमी भरले की हातात पडणारी रक्कमही कमी होते. शिवाय काम मिळते ते जॉबकार्ड ज्या पंचायतीचे, त्याच पंचायतीत.

इथेच चौथ्या गटाची अडचण सुरू होते: ज्याचे नाव इथल्या कोणत्याच वहीत नाही, तो परगावचा मजूर. त्याच्यासाठी सरकारने 12 किलो तांदूळ किंवा पीठ आणि माणशी 500 रुपये जाहीर केले. स्थानिक कुटुंबाचा दर आणि परक्याचा दर वेगळा का, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ही मदत मिळण्यासाठी आधी त्याची मोजणी व्हायला हवी होती. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने अशा मजुरांची नोंद ठेवणे आणि त्यांना छायाचित्रासह पासबुक देणे बंधनकारक होते. तो कायदा चाळीस वर्षे नीट पाळला गेला असता, तर मार्च 2020 मध्ये मजूर शोधत फिरण्याची वेळ प्रशासनावर आली नसती.

शिधापत्रिकेच्या देशव्यापी वापराची योजना 1 जानेवारी 2020 पासून तेलंगण, महाराष्ट्र आणि गोव्यासह बारा राज्यांत लागू झाली होती. कागदावर यवतमाळच्या मजुराला आदिलाबादच्या दुकानातून धान्य उचलता येत होते. पण कार्ड गावी, म्हाताऱ्या आईवडिलांपाशी, राहिलेले असते. शिवाय सीमेपलीकडे येऊ शकत होते ते केवळ केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्यातील धान्य. तेलंगणाचे 1,500 रुपये तेलंगणाच्याच कार्डाला मिळत होते. धान्य सीमा ओलांडू शकले, रोख मदत ओलांडू शकली नाही.

म्हणून हैदराबादहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, जो आदिलाबादमधून पैनगंगेच्या पुलाकडे जातो, त्या उन्हाळ्यात पायी निघालेल्या माणसांचा रस्ता झाला. हैदराबादजवळच्या लिंगमपल्लीहून झारखंडकडे पहिली श्रमिक रेल्वे सुटली ती 1 मे रोजी, टाळेबंदीच्या एकेचाळिसाव्या दिवशी. चालत निघण्यामागे अविचार नव्हता. ज्या जागी आपले नाव कुठेच नाही तिथे थांबण्यापेक्षा, जिथे निदान शिधापत्रिका आहे तिथे पोहोचावे, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

पुढे काही सुधारणा झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये शिधापत्रिकेची योजना सर्व राज्यांत लागू करण्यास मुदत घातली, आणि ऑगस्ट 2021 मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू झाले. नाव नोंदवण्याची सोय त्यामुळे झाली. पण नोंद झालेल्या मजुराचा दिवस सरकारी आदेशाने बंद पडला, तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार, याचे उत्तर त्या नोंदणीत नाही. पगारदाराचा महिना आणि जमीनमालकाचा एकर शासनाला मोजता येतो. मजुराचा दिवस मोजण्याची वही अजून उघडायची आहे, आणि ती उघडली जात नाही तोवर पुढच्या संकटातही बंदीचा खर्च पुन्हा तोच माणूस भरेल.