गच्चीवरच्या पाईपालाही सावली हवी

मे महिन्यात मलकापूर, नांदुरा किंवा खामगावच्या कुठल्याही गल्लीत गच्चीवर चढून पाहिले की एकच चित्र दिसते. काळी किंवा पांढरी टाकी, तिच्या बुडाशी ओला डाग आणि जोडावर गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी. प्लंबर येतो, 'पाईप उन्हाने गेला' म्हणतो आणि तसाच नवा पाईप तशाच उन्हात बसवून जातो. काही वर्षांनी पुन्हा तेच. नळ कित्येक दिवसांआड येणाऱ्या गावात एका रात्रीत गळून रिकामी झालेली टाकी म्हणजे पुढचा नळ येईपर्यंतची वणवण असते. हा खर्च आणि हा त्रास नशिबाचा भाग मानण्याचे काहीही कारण नाही.

'प्लास्टिकच नको, लोखंडी पाईप टाका' असा सल्ला काही जुनी माणसे देतात. पण शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतला खारपाणपट्टा लक्षात घेतला तर तो टिकत नाही. तिथले खारे पाणी लोखंडी पाईप आतून खाते. प्लास्टिक गंजत नाही, म्हणून तेच योग्य. फक्त त्याचे शत्रू वेगळे आहेत. ते दोन आहेत आणि त्यांची गल्लत केली की उपाय चुकतो.

पहिला शत्रू अतिनील किरण. पीव्हीसीच्या साखळीत क्लोरीनचे अणू असतात. अतिनील किरणांमुळे पृष्ठभागावरच्या साखळीतून हायड्रोजन आणि क्लोरीन बाहेर पडू लागतात. पाईप आधी पिवळट, मग तपकिरी होतो आणि वरचा थर ठिसूळ बनतो. हा थर अगदी पातळ असतो. त्यामुळे आतल्या पाण्याचा दाब पाईप बराच काळ सहन करतो, पण धक्का सहन करू शकत नाही. वर चढलेल्या माकडाची उडी, पतंग काढणाऱ्या मुलाचा पाय किंवा प्लंबरच्या पान्याचा झटका पुरतो. पृष्ठभागावरच्या बारीक चिरेतून भेग सुरू होते आणि आरपार जाते.

या किरणांचा थर्मामीटरशी संबंध नाही. घाटावर वसलेल्या बुलडाणा शहरात हवा मलकापूरपेक्षा थंड असते, पण तिथे अतिनील किरण कमी नसतात. थंडीतल्या निरभ्र दुपारीही हे काम चालूच राहते. म्हणून 'आमच्याकडे ऊन तेवढे नाही' हे समाधान खोटे आहे.

दुसरा शत्रू उष्णता. हवेचे तापमान 44 अंश असेल तेव्हा तापलेल्या स्लॅबवर पडलेला रिकामा पाईप सहज 60 अंशांच्या पुढे जातो. साध्या यूपीव्हीसी पाईपवर छापलेला दाब 27 अंश तापमानासाठी असतो. पाईप तापत जातो तशी त्याची ताकद घटते आणि 60 अंशांना ती मूळच्या पाव हिश्श्याच्या आसपास उरते. अशा वेळी भर दुपारी मोटर सुरू केली की मऊ पडलेल्या पाईपवर दाबाचा दणका बसतो. नळ येण्याची वेळ घरमालकाच्या हाती नसते. पण खालच्या हौदातून वर पाणी चढवायची वेळ मात्र असते, आणि ती सकाळचीच असावी.

उष्णतेचा अधिक छुपा परिणाम म्हणजे लांबी. टाकीपासून जिन्यापर्यंत 10 मीटरचा सरळ पाईप धरू. पहाटे तो 20 अंशांवर असतो, दुपारी 65 वर. पीव्हीसी दर मीटरला दर अंशामागे साधारण 0.07 मिलिमीटर वाढते. 10 मीटर आणि 45 अंश यांचा हिशेब केला तर वाढ होते सुमारे 31 मिलिमीटर. म्हणजे पाईप रोज तीन सेंटीमीटर लांबतो आणि रात्री तेवढाच आखडतो. त्याला दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये गच्च बसवले तर ही हालचाल जाणार कुठे? ती जाते एल्बोच्या जोडात, नाहीतर टाकीच्या निपलमध्ये. टाकीही स्थिर नसते. हजार लिटरची टाकी भरली की एक टन पाण्याने तिचा घेर किंचित फुगतो आणि रिकामी झाली की आत येतो. गळती बहुतेक वेळा पाईपच्या मध्ये न होता टाकीजवळच का होते, याचे उत्तर इथे आहे.

उपाय साधे आहेत, फक्त क्रम पाळायला हवा. आधी पाईप तपासावा. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, पण पाईप अजून गुळगुळीत आहे, तर तो वाचवता येतो. बारीक चिरा दिसत असतील किंवा कापताना कपच्या उडत असतील तर तो बदलावा. रंग झालेले नुकसान भरून काढत नाही, पुढचे थांबवतो.

वाचण्याजोगा पाईप बारीक पॉलिश पेपरने हलका घासून साबणाच्या पाण्याने धुवावा. वाळल्यावर बाहेरच्या भिंतीसाठीच्या पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या अॅक्रेलिक रंगाचे दोन हात द्यावेत. ऑइल पेंट नको, त्यातले द्रावक प्लास्टिकला मारक ठरू शकते. एक इंची पाईपची 20 मीटर लांबी म्हणजे जेमतेम दोन चौरस मीटर पृष्ठभाग. एक लिटरचा डबा दोन हातांना पुरून उरतो. पांढरा रंग किरण अडवतो आणि पाईप कमी तापतो, म्हणजे एका खर्चात दोन्ही शत्रूंवर इलाज. रंग उडू लागला की पुन्हा द्यावा. काळा फोम गुंडाळायचा असेल तर त्यावर अॅल्युमिनियमची टेप हवीच. उघडा फोम उन्हात लवकरच भुगा होतो.

क्लॅम्प पाईपला आधार देणारे असावेत, आवळणारे नसावेत. वळणापासून दीड-दोन फुटांपर्यंत क्लॅम्प लावू नये, म्हणजे लांबलेला पाईप तिथे वाकून जागा करून घेतो. टाकीच्या निपलनंतर सरळ पाईप भिंतीत न नेता मध्ये एक-दोन वळणे द्यावीत. नवा जोड भर उन्हात करू नये. तापलेल्या पाईपवर सॉल्व्हंट सिमेंट आत सरकवण्याआधीच सुकते आणि जोड वरून पक्का, आतून कच्चा राहतो.

टाकीच्या झाकणाकडेही पाहायला हवे. ठिसूळ होऊन तडकलेले किंवा नीट न बसणारे झाकण म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला उघडे दार. आठवडाभर साठलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला पुरेसा वेळ मिळतो. पाईप फुटला तर पाणी जाते, झाकण फुटले तर तापाची साथ घरात येते.

यातले काहीही महाग नाही, तरीही ते होत नाही. कारण बांधकामाच्या अंदाजपत्रकात त्याची ओळच नसते. जमिनीत गाडण्यासाठी असलेला शेतीचा राखाडी पाईप स्वस्त म्हणून गच्चीवर चढतो, उघडाच राहतो आणि फुटल्यावर दोष उन्हाला दिला जातो. ऊन दरवर्षी येणारच असते. म्हणून घरमालकाने ठेकेदाराच्या कागदावर दोन ओळी आधीच लिहून घ्याव्यात. गच्चीवरच्या प्रत्येक पाईपला पांढरा रंग आणि प्रत्येक वळणाला मोकळीक. शेवटचा हप्ता या दोन गोष्टी गच्चीवर जाऊन पाहिल्यावरच द्यावा.