मूळव्याध : मशीन की सुरी?

एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान रिक्षा चालवतात. शौचाच्या वेळी मोड बाहेर येतो, हाताने आत ढकलावा लागतो, रक्त पडते. रबराचे कडे लावून झाले, गुण नाही. एक डॉक्टर म्हणतात, 'मशीनने करा, दुखत नाही.' दुसरे म्हणतात, सुरीनेच. पैसे एकदाच जमतील, तर काय करावे, असे बाई विचारतात.

दुखण्यातला फरक आधी समजून घ्यावा. गुदद्वाराच्या आत थोड्या उंचीवर एक रेषा असते. तिच्या खालच्या भागाला कातडीसारखी वेदना कळते, वरच्या अस्तराला तशी कळत नाही. सुरीच्या शस्त्रक्रियेत मोड खालपासून कापून काढतात. म्हणून पहिले शौच फार जाचते आणि कामावर परतायला दोन ते चार आठवडे लागतात. स्टेपलर मोड काढतच नाही. रेषेच्या वर अस्तराची गोल पट्टी कापून बारीक पिनांनी जोडतो, मोड वर ओढला जातो. टाके रेषेच्या फार जवळ पडले तर मात्र वेदना आणि सारखी शौचाची घाई मागे लागते. बाहेरची लोंबणारी कातडीही तशीच राहते.

मग मशीनच बरे, असे वाटेल. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, निकाल २०१६ साली आला. पहिले काही आठवडे स्टेपलरवाल्यांना दुखणे कमी होते. पण दोन वर्षांनी 'त्रास पुन्हा सुरू झाला' असे सांगणारे स्टेपलरमध्ये शंभरात ४२, सुरीमध्ये २५ होते.

तिसरी पद्धत डॉप्लरची. यंत्राने धमनीचा आवाज ऐकून ती टाक्याने बांधतात, सैल अस्तरही वर शिवतात. कापाकापी नाही. फ्रान्समध्ये तिची स्टेपलरशी तुलना झाली. दुखणे कमी, कामावर परतणेही थोडे लवकर. पण वर्षाअखेर मोड उरलेले रुग्ण डॉप्लरमध्येच जास्त निघाले.

आता यजमानांचे. दिवसभर सीटवर बसायचे आणि पैसे एकदाच, असे असेल तर महिन्याची घरखर्चाची सोय लावून सुरीची करून घ्यावी, असे आम्हांस वाटते. बाहेर कातडी लोंबत असेल तर नक्कीच. आठवडाभरात कामावर गेलेच पाहिजे, अशी पाळी असेल तर दुसऱ्या दोन पद्धती आहेत. पण पुन्हा त्रास होऊ शकेल हे धरून चालावे. मात्र रक्त मूळव्याधीचेच आहे ना, हे आधी दुर्बिणीने पाहून घ्या.

कोणतीही पद्धत केली तरी घरी आल्यावर कोमट पाण्यात बसावे, इसबगोल आणि भरपूर पाणी घ्यावे. ताप येऊन वेदना वाढू लागली, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री इस्पितळ गाठावे.