मुखपट्टीची गाळणी आणि कड

मुखपट्टी म्हणजे बारीक चाळणी, हा समज 2020 च्या साथीनंतरही पुरता गेलेला नाही. वस्तुतः जड कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात, मध्यम कण तंतूला घासून जाताना चिकटतात, तर अतिसूक्ष्म कण सैरावैरा भटकत त्यावर येऊन पडतात. सुमारे 0.3 मायक्रॉनचे कण या तिन्हींतून अधिक निसटतात. म्हणूनच एन-95 ची परीक्षा साधारण त्याच आकाराच्या कणांवर होते. परंतु शंभरांतील पाचच कण सोडणाऱ्या या गाळणीच्या कडेने दहावा हिस्सा हवा न गाळता शिरली, तर साडेचौदा कण आत जातात! दगडखाणीत मुखपट्ट्या वाटल्याची नोंद होते; पण त्यांची कड कातडीवर टेकते की दाढीवर, हे पाहतो कोण?