थकलेल्या हप्त्याचा दंड उताऱ्यातून कसा काढावा

सन १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात सावकाराने पैसे पोहोचल्याची पावती द्यावी, वर्षाचे वर्षास हिशेबाचा उतारा द्यावा व ऋणकोने मागितल्यास हिशेबाचे पुस्तक भरून द्यावे, अशी कलमे होती. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे व तासगाव हे तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत. म्हणजे उतारा मागण्याचा हक्क या मुलखात जुना आहे. आता उतारा सावकाराकडून भांडून घ्यावा लागत नाही, तो मोबाइलवरही येतो. परंतु आमच्या सभासदांपैकी बहुतेक जण त्यातील शेवटची ओळ, म्हणजे येणे बाकी, तेवढी पाहतात व कागद घडी घालून ठेवतात. हप्ता चुकल्याचा दंड त्या ओळीत नसतो. तो वरच्या ओळींत, निरनिराळ्या नावांनी विखुरलेला असतो.

ट्रॅक्टरच्या कर्जाचेच उदाहरण घेऊ. यातील आकडे आम्ही नमुन्यासाठी घेतले आहेत, पण असे उतारे कऱ्हाडपासून पलूसपर्यंत पुष्कळ घरांत सापडतील. सहामाही हप्ता रुपये ७२,०००. भरण्याची तारीख ५ डिसेंबर व ५ जून. थकलेल्या रकमेवर दंड वार्षिक शेकडा २४. शेतकऱ्याचा ऊस जानेवारीत तुटला व बिल फेब्रुवारीच्या आरंभी जमा झाले. तोपर्यंत ५ डिसेंबरला कर्ज देणाऱ्या कंपनीने बँकेतून आपोआप वसुलीची मागणी पाठविली. खात्यात शिल्लक नसल्याने ती परत गेली. २० डिसेंबरला पुन्हा पाठविली, पुन्हा परत गेली. शेतकऱ्याने ३ फेब्रुवारीस बरोबर ७२,००० रुपये भरले आणि हप्ता फिटला असे समजून तो घरी आला.

आता कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात वसुली परत गेल्याचे आकार लिहावेत: दर वेळी ५०० रुपये व त्यावर शेकडा १८ जीएसटी, म्हणजे ५९० प्रमाणे दोन वेळचे १,१८०. दुसऱ्यात दंड: ७२,००० वर ६० दिवसांचा २,८४१. तिसऱ्यात इतर किरकोळ, जसे वसुलीसाठी माणूस घरी आल्याचे जीएसटीसह ४७२. कर्जाच्या उताऱ्यातील ही बेरीज ४,४९३ होते. नेहमीचे व्याज यात मिसळू नये. ते पैसे वापरल्याचे मोल आहे, दंड नव्हे.

येथे बहुतेक जण थांबतात. परंतु वसुली परत गेली की शेतकऱ्याची स्वतःची बँकही आपला आकार कापते, आणि तो कर्जाच्या उताऱ्यात कधीच दिसत नाही. त्यासाठी त्याच तारखांना बचत खात्याचे पासबुक उघडावे लागते. आमच्या नमुन्यात तेथे दोन वेळा २९५ प्रमाणे ५९० गेले आहेत.

दंडाचा आकडा खरा की खोटा हे ताडण्याचा उपाय सोपा आहे. दंडाच्या रकमेस ३६५ ने व १०० ने गुणावे. थकलेली रक्कम व थकल्याचे दिवस यांच्या गुणाकाराने भागावे. आमच्या नमुन्यात उत्तर २४ येते, म्हणजे करारातील दर जुळला. उत्तर ६० किंवा १०० च्या घरात आले, तर दंड चुकलेल्या हप्त्यावर न धरता सगळ्या बाकीवर धरला असावा, किंवा दिवस अधिक मोजले असावेत, असा संशय घेण्यास जागा आहे. दंडाच्या रकमेवर जीएसटी लावला आहे काय, हेही पाहावे. बँका व वित्त कंपन्या यांच्या अशा दंडावर तो लागत नाही, असा खुलासा केंद्र सरकारच्या कर खात्याने जानेवारी २०२५ मध्ये केला आहे. वसुली परत गेल्याचा आकार ही निराळी बाब आहे. तिच्यावरील कर दिसल्यास त्यात नवल नाही.

आता मुख्य तक्रारीकडे वळू. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढून व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका व वित्त कंपन्या यांस बजावले की, दंड हा व्याजाच्या दरात मिळवू नये, तो मुदलात घालू नये व त्यावर पुढे व्याज आकारू नये. तसेच तो चुकीच्या मानाने वाजवी असावा. नव्या कर्जांस हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागला. (गावच्या पतसंस्थेचे कर्ज असेल तर हे परिपत्रक तिला बांधून घेत नाही, तेथे संस्थेचे पोटनियम व सहकार निबंधक यांच्याकडे पाहावे लागते.) नियम स्पष्ट आहे. पण आमच्या शेतकऱ्याने भरलेल्या ७२,००० मधून कंपनीने आधी आपले ४,४९३ वळते केले, तर हप्त्यात तेवढेच रुपये अपुरे राहतात. त्या अपुऱ्या रकमेवर ५ जूनपर्यंत १२२ दिवस दंड चालतो व आणखी ३६० रुपये चढतात. कागदावर हा दंड हप्त्यावरचा आहे. आमच्या मते तो दंडावरचाच दंड आहे, फक्त दाराने न येता खिडकीने आला. रक्कम लहान आहे, पण खाते सारा वेळ थकीत दिसते आणि पत नोंदणाऱ्या संस्थांकडे तशीच खबर जाते. म्हणून भरण्याच्या दिवशी आकारांसह पुरा आकडा लेखी मागून तेवढा भरावा. नाहीतर पावतीवर 'डिसेंबरच्या हप्त्यापोटी' असे लिहून घ्यावे आणि करारात रक्कम वळती करण्याचा कोणता क्रम दिला आहे तो वाचावा.

सगळी बेरीज ५,४४३ झाली. यातील टाळता येण्याजोगे किती? पिशवीतले सोयाबीन विकून ५ डिसेंबरला ४०,००० भरले असते, तर दंड उरलेल्या ३२,००० वर, म्हणजे १,२६२ पडला असता. कंपनीस आधी लिहून कळवून दुसरी मागणी थांबविली असती, तर दोन्हीकडचे मिळून ८८५ वाचले असते. परंतु मूळ दोष तारखेत आहे. या दोन जिल्ह्यांत गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होते. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास शेकडा १५ व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते व्याज मागणारा शेतकरी विरळा, आणि त्याच दिवसांचे शेकडा २४ मात्र त्याच्याकडून बिनतक्रार जाते. उसाच्या मुलखात ट्रॅक्टर विकणाऱ्यास तोडीचा हंगाम ठाऊक नसतो, असे आम्हांस वाटत नाही.

तेव्हा हप्त्याची तारीख मार्च व सप्टेंबर अशी बदलून मागावी. अर्जास मागील दोन हंगामांच्या ऊसबिलांच्या तारखा व वर सांगितलेला तीन रकान्यांचा कागद जोडावा. तारीख पुढे गेल्यास मधल्या दिवसांचे नेहमीचे व्याज पडेल, व काही ठिकाणी बदलाचा आकारही घेतात. तो किती हे अर्जावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे व ५,४४३ शी ताडून पाहावे.